पासवर्ड नाकारा, पण वाचून दाखवू नका: ‘Shirur@2024’ची गोष्ट

शिरूरच्या बसस्थानकाजवळचं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काउंटरपाशी पाच-सहा माणसं. कुणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, कुणाला पीएफ काढायचाय, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय. दुकानदार विचारतो, “मावशी, पासवर्ड काय ठेवू?” मावशी म्हणतात, “तूच ठेव बाबा काहीतरी, लक्षात राहील असा.” तो टाइप करतो `Shirur@2024`. दौंडच्या दुकानात हाच पासवर्ड `Daund@123` होतो.

आता समजा, वेबसाइटला हा पासवर्ड चालला नाही आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत उत्तर आलं:

```
Error: 'Shirur@2024' is not a valid password.
```

टाइप करताना तिथे काळे ठिपके दिसत होते. मागे उभ्या असलेल्यांना काही कळत नव्हतं. वेबसाइटने स्वतःच तो पासवर्ड सगळ्यांना वाचून दाखवला. वर दुकानदाराने “हे काय आलं बघ रे” म्हणत स्क्रीनचा फोटो काढून मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो पासवर्ड आणखी दोन फोनमध्ये जाऊन बसला.

पासवर्ड कसा असावा, याबद्दल भरपूर लिहिलं जातं. पण वेबसाइटने पासवर्ड नाकारताना काय बोलावं आणि काय बोलू नये, हा प्रश्न सहसा मागेच राहतो. याच चुकीच्या एका मोठ्या रूपामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाला ९.१ कोटी युरोंचा दंड झाला. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

नाकारलेला पासवर्ड उघड झाला तर बिघडलं काय?

पहिली शंका हीच येते. पासवर्ड नाकारला गेलाय, म्हणजे तो वापरात येणारच नाही. मग तो दिसला तर काय झालं?

उत्तर माणसांच्या सवयीत आहे. एक पासवर्ड चालला नाही म्हणून कुणी संपूर्ण नवा पासवर्ड शोधत बसत नाही. आधीच्यालाच शेपूट जोडलं जातं. `Shirur@2024` नाकारला की `Shirur@2024#` किंवा `Shirur@20245` येतो. नाकारलेला पासवर्ड ज्याने पाहिला, त्याला स्वीकारलेला ओळखायला दोन-चार प्रयत्न पुरतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बहुतेक जण नव्या वेबसाइटवर आधी आपला ‘नेहमीचा’ पासवर्ड टाकून पाहतात. तो तिथे चालत नसेल, पण इन्स्टाग्रामवर, जीमेलवर किंवा दुसऱ्या एखाद्या खात्यावर तोच चालू असतो. म्हणजे या वेबसाइटने नाकारलेला पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी खात्याची चालू किल्ली असू शकतो.

म्हणूनच पासवर्ड तपासणाऱ्या व्यवस्थेचा साधा नियम असा: चुकलेला नियम सांगा, पासवर्ड सांगू नका. हे बोलायला सोपं आहे. पाळताना कुठे घसरायला होतं, ते पुढे पाहू.

मुळात नियम कोणते?

‘किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह’ हे आपल्या सगळ्यांना पाठ झालेले नियम अमेरिकेतून आले. तिथल्या निस्ट या सरकारी मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ च्या सुमारास पासवर्डविषयी मार्गदर्शन लिहिलं. जगभरच्या वेबसाइटनी ते उचललं. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी एका मुलाखतीत त्यातल्या बऱ्याच सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो, असं सांगितलं.

यात चुकलं काय, ते आपल्याच उदाहरणावरून दिसतं. `Shirur@2024` जुन्या नियमांना लावून पाहा. अक्षरं ११ आहेत, म्हणजे आठपेक्षा जास्त. `S` कॅपिटल आहे, बाकीची लहान अक्षरं आहेत, आकडे आहेत, `@` हे चिन्हही आहे. पाचपैकी पाच नियम पास. बहुतेक वेबसाइट याला हिरव्या पट्टीत ‘मजबूत’ म्हणतील.

आता पासवर्ड फोडणाऱ्याच्या बाजूने बघा. लोक पहिलं अक्षर कॅपिटल करतात, मध्ये एक चिन्ह घालतात आणि शेवटी वर्ष लिहितात, हे त्याला पक्कं माहीत असतं. महाराष्ट्रात ढोबळमानाने ४० हजार गावं धरा. प्रत्येक नावापुढे दहापैकी एक चिन्ह आणि ७५ वर्षांपैकी एक वर्ष. गुणाकार होतो तीन कोटी. आकडा मोठा वाटतो, पण वेबसाइटने पासवर्ड जुन्या, वेगवान पद्धतीने साठवले असतील आणि ती यादी चोरीला गेली, तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. तीन कोटींना सेकंदही लागत नाही. बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत असेल आणि वेग सेकंदाला पाच हजार धरला, तरी पावणेदोन तासांच्या आत सगळे अंदाज संपतात.

निस्टने आपले नियम बदलले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीनुसार, फक्त पासवर्डवर चालणाऱ्या खात्यासाठी तो किमान १५ अक्षरांचा हवा. सोबत ओटीपीसारखी दुसरी पायरी असेल तर किमान आठ चालतात. कॅपिटल, आकडा, चिन्ह यांची सक्ती करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याऐवजी नवा पासवर्ड सर्रास वापरल्या जाणाऱ्या आणि आधी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहावा. तो यादीत सापडला तर नाकारावा आणि नाकारण्याचं कारण सांगावं.

हे शेवटचं वाक्य आपल्या विषयाचं आहे. कारण सांगणं बंधनकारक आहे, कारण नुसतं ‘चालणार नाही’ म्हटलं तर माणूस आंधळेपणाने शेपटं जोडत बसतो. पण कारण सांगताना पासवर्ड उघडा पडता कामा नये. दोन्ही एकाच वेळी साधायचं आहे.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते?

नव्या पद्धतीची तपासणी अगदी छोटी असते. पायथन भाषेत तिचा गाभा असा लिहिता येईल:

```python
def tapasa(pw, yadi):
    chukle = []
    if len(pw) < 15:
        chukle.append("LENGTH_MIN_15")
    if pw.lower() in yadi:
        chukle.append("IN_COMMON_LIST")
    return chukle
```

प्रोग्रामिंग येत नसलं तरी एक गोष्ट लक्षात येईल. आत पासवर्ड जातो, बाहेर फक्त चुकलेल्या नियमांची नावं येतात. पासवर्ड बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. पुढे पडदा, लॉग, ईमेल अशा ज्या ठिकाणी हा निकाल जाईल, तिथे नियमांची नावंच जातील.

`Shirur@2024` इथे टाका. ११ अक्षरं म्हणजे पहिला नियम चुकला. यादी तयार करतानाच त्यात गावांची नावं आणि त्यांची नेहमीची शेपटं घातली असतील, तर दुसराही चुकला. माणसाला दिसणारं उत्तर असं असावं:

```
हा पासवर्ड चालणार नाही.
- किमान १५ अक्षरं हवीत.
- हा सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डच्या यादीत आहे.
```

आता चार असंबद्ध शब्दांचा एक पासवर्ड घेऊ: `dagad veni khurpa hapus`. मोकळ्या जागांसह ही २३ अक्षरं झाली. जुन्या नियमांत हा नापास होतो, कारण त्यात ना कॅपिटल आहे, ना आकडा. नव्या नियमांत पास होतो, कारण लांब आहे आणि कुठल्याही यादीत नाही. अर्थात, आता तो इथे छापून आला, त्यामुळे नेमका हाच वापरू नका. शब्द तुमचे तुम्ही निवडा, आणि ते एकमेकांशी संबंध नसलेले असू द्या.

ताडून पाहताना निस्टची आणखी एक अट आहे. पूर्ण पासवर्ड यादीशी जुळवायचा, त्यातले तुकडे नाही. म्हणजे एखाद्या लांबलचक पासवर्डात मध्येच ‘shirur’ आलं म्हणून तो बाद होत नाही.

थोडं जास्त बोललं तरी पासवर्ड फुटतो

पासवर्ड पूर्ण दाखवायचा नाही, हे बहुतेकांना पटतं. चूक होते ती मदत करण्याच्या उत्साहात. हे तीन संदेश वाचा:

```
तुमच्या पासवर्डात 'Shirur' हा शब्द आहे, तो काढा.
तुमचा पासवर्ड ११ अक्षरांचा आहे, आणखी ४ टाका.
हा पासवर्ड दुसऱ्या सदस्याने आधीच घेतला आहे.
```

पहिल्याने अर्धा पासवर्ड सांगून टाकला. दुसऱ्याने लांबी सांगितली, आणि मागे उभा असलेला माणूस कीबोर्डवरची बोटं बघत असेल तर लांबी कळणंही त्याच्या फायद्याचं असतं. ‘किमान १५ हवीत’ एवढंच पुरेसं आहे, कारण तो नियम सगळ्यांसाठी सारखाच असतो. तिसरा संदेश वाचायला विनोदी वाटतो, पण तो सगळ्यात घातक आहे. त्यातून कळतं की या वेबसाइटवरचं कुठलं तरी खातं याच पासवर्डने उघडतं.

थोडक्यात कसोटी अशी: संदेश वाचून नियम कळला पाहिजे, पासवर्डाबद्दल काही कळता कामा नये. दहा वेगवेगळ्या माणसांनी दहा वेगवेगळे आखूड पासवर्ड टाकले, तरी दहांनाही शब्दशः एकच संदेश दिसला, तर तो बरोबर.

पडद्यामागे तो कसा फुटतो?

वेबसाइट बनवणारा शहाणा असला आणि त्याने स्वतः असा संदेश लिहिला नसला, तरी हाताशी घेतलेलं तयार साहित्य ते काम करून मोकळं होतं. पायथनमध्ये फॉर्मची माहिती तपासायला पायडॅन्टिक नावाची लायब्ररी खूप वापरली जाते. ‘पासवर्ड किमान १५ अक्षरांचा’ असा नियम तिला सांगितला आणि आपला पासवर्ड दिला, तर तिची दुसरी आवृत्ती कुठलीही वेगळी सेटिंग न करता असं उत्तर देते:

```
password
  String should have at least 15 characters
  [type=string_too_short,
   input_value='Shirur@2024', input_type=str]
```

शेवटच्या ओळीत पासवर्ड जसाच्या तसा आहे. चूक शोधणाऱ्या प्रोग्रामरला मदत व्हावी म्हणून ही सोय ठेवली आहे. फॉर्ममध्ये तारीख किंवा पिनकोड असेल तर ती उपयोगीच पडते. पासवर्डच्या बाबतीत मात्र तीच सोय अंगाशी येते. हा मजकूर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, लिहिला जातो. तिथून तो बॅकअपमध्ये जातो आणि लॉग वाचू शकणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचतो.

यावर उपाय आहे. `hide_input_in_errors=True` ही सेटिंग लावली की वरच्या मजकुरातून पासवर्ड निघून जातो. पण इथे एक फट उरते. हीच चूक प्रोग्रामला `errors()` या मार्गाने मागितली, तर मिळणाऱ्या यादीत `input` या नावाखाली पासवर्ड अजूनही असतो. तिथे `errors(include_input=False)` असं वेगळं सांगावं लागतं. पायडॅन्टिकवर उभी असलेली फास्टएपीआय ही चौकट तर नियम चुकल्यावर ही यादी `input` सकट सरळ ब्राउझरला परत पाठवते. विकासकाने ते उत्तर स्वतः बदललं नाही, तर पासवर्ड गेला तसा परत येतो.

ट्विटर आणि फेसबुकनेही हेच केलं होतं

हे छोट्या गावातल्या, घाईत बनवलेल्या वेबसाइटचं दुखणं आहे, असं समजू नका.

३ मे २०१८ रोजी ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्ड बीक्रिप्टने ओळखू न येणारा करून मगच साठवायचा, ही त्यांची पद्धत बरोबर होती. पण ती प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच, एका चुकीमुळे, मूळ पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. तिजोरी पक्की होती, पण तिजोरीकडे जाताना वाटेत कुणीतरी किल्लीचा नंबर वहीत टिपत होता.

मार्च २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी फेसबुकची बातमी फोडली. कोट्यवधी लोकांचे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत साध्या, वाचता येणाऱ्या रूपात पडून होते. त्यात सर्वाधिक संख्या फेसबुक लाइट वापरणाऱ्यांची होती. हे ॲप साधे फोन आणि मंद इंटरनेट असलेल्यांसाठी बनवलेलं. पुढे इन्स्टाग्रामच्याही लाखो वापरकर्त्यांची त्यात भर पडली.

दोन्ही कंपन्यांनी सांगितलं की गैरवापर झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरीही आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने २०२४ मध्ये मेटाला तो दंड केला. चोर आत शिरला की नाही, एवढ्यापुरता तो दंड नव्हता. पासवर्ड वाचता येईल अशा रूपात राहिला, त्याच्या सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही आणि झालेली चूक आयोगाला वेळेत कळवली नाही, हे त्यामागचं कारण होतं.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लॉगमध्ये पासवर्ड उघडा ठेवणं हा आता फक्त तांत्रिक हलगर्जीपणा राहणार नाही.

तुम्ही कसं ओळखाल?

लॉगमध्ये काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. पण पुढच्या बाजूने पाच मिनिटांत बरंच कळतं. कुठल्याही वेबसाइटवर खातं उघडताना आधी एक मुद्दाम आखूड, खोटा पासवर्ड टाका, उदाहरणार्थ `Kanda7`. तुमचा खरा किंवा त्याच्याशी मिळताजुळता पासवर्ड या चाचणीसाठी कधीच नको. फॉर्म पाठवा आणि चार ठिकाणी नजर टाका.

पहिली जागा म्हणजे चुकीचा संदेश. त्यात ‘Kanda’ किंवा ‘६ अक्षरं’ असं काही दिसतंय का? दुसरी जागा म्हणजे वर पत्ता दिसतो ती पट्टी. तिथे `password=Kanda7` असं आलं तर तो ब्राउझरच्या इतिहासात जमा झाला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो पुढच्या गिऱ्हाइकाला सापडू शकतो. तिसरी जागा म्हणजे पासवर्डचा रकाना. पान पुन्हा उघडल्यावर तो रिकामा असायला हवा. ठिपक्यांनी भरलेला परत आला, तर पानाच्या मूळ मजकुरात पासवर्ड बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. शेवटी, नियमांत बसणारा पासवर्ड ठेवून खातं उघडलंत की एसएमएस आणि ईमेल बघा. ‘आपला पासवर्ड अमुक आहे’ असा निरोप आला, तर तो त्यांच्याकडे निदान निरोप पाठवेपर्यंत वाचता येईल अशा रूपात होता आणि आता तुमच्या इनबॉक्समध्ये कायमचा आहे.

यातलं काही दिसलं, तर त्या वेबसाइटसाठी दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा. म्हणजे तो फुटला तरी नुकसान तिथल्या तिथे राहील. संदेशात पासवर्ड आलेला स्क्रीनशॉट कुणाला पाठवला असेल, तर फोटो डिलीट करून भागत नाही. तो पासवर्ड जिथे जिथे असेल, तिथे तो बदलावा लागतो.

आणि शिरूरच्या त्या दुकानात परत गेलात, तर मावशींचा पासवर्ड दुकानदाराने ठरवायचं कारण नाही. कीबोर्ड मावशींकडे सरकवायचा, आपण तोंड फिरवायचं आणि त्यांना घरातल्या किंवा रानातल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार वस्तू मनातल्या मनात निवडू द्यायच्या. टाइप करायला त्यांना दोन मिनिटं जास्त लागतील. पण तो पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसेल.